हनुमान चालीसा आणि मानस : जुनी सर्वनामे, क्रियापदांचे प्रत्यय आणि मराठी वाचकांचे नेहमीचे प्रश्न

येथे कोणत्या रचनांचा विचार केला आहे?

मराठी घरांतून शनिवारी आणि मंगळवारी म्हटली जाणारी हनुमान चालीसा हा मुख्य आधार आहे. सोबत रामचरितमानसातील काही चौपाया आणि संकटमोचन हनुमानाष्टकाची एक ओळ घेतली आहे. तुलसीदासांनी मानसाचा आरंभ विक्रम संवत् 1631 मध्ये, म्हणजे इ. स. 1574 मध्ये, अयोध्येत केला. तो ग्रंथ अवधीत आहे. चालीसा परंपरेने त्यांचीच मानली जाते. तिची भाषा अवधी म्हणून सांगितली जात असली, तरी तीत ब्रज भाषेची रूपेही आहेत, आणि ती ओळखण्याची खूण पुढे दिली आहे.

या रचना कळायला कठीण वाटतात त्या संस्कृत शब्दांमुळे नव्हे. ‘सरोज’, ‘रज’, ‘बिमल’ हे शब्द मराठी वाचकाला सहज उलगडतात, कारण श चा स, व चा ब, य चा ज आणि ण चा न एवढाच फरक असतो. अडखळायला होते ते ‘मोहिं’, ‘ताहि’, ‘देहु’, ‘धरि’ अशा लहानशा रूपांपाशी. त्यांतही गंमत अशी की आजच्या हिंदीपेक्षा जुनी मराठी माहीत असणाऱ्याला ती लवकर कळतात.

‘मोहिं’, ‘सियहिं’, ‘छूटहि’, ‘होइहि’ या सगळ्यांत ‘हि’ आहे. तो एकच प्रत्यय आहे का?

नाही, आणि बहुतेक चुकीचे अर्थ येथेच जन्म घेतात. दिसायला एकच असलेला हा ‘हि’ निरनिराळी कामे करतो, आणि कोणते काम चालू आहे हे तो कशाला चिकटला आहे यावरून ठरवावे लागते.

नामाला किंवा सर्वनामाला चिकटलेला ‘हि’ किंवा ‘हिं’ बहुधा मराठीतील ‘ला’ असतो. ‘बल बुधि बिद्या देहु मोहिं’ म्हणजे बळ, बुद्धी आणि विद्या मला दे. येथे मोहाचा काही संबंध नाही. ‘सूक्ष्म रूप धरि सियहिं दिखावा’ म्हणजे सूक्ष्म रूप धरून सीतेला दाखवले. ‘लील्यो ताहि मधुर फल जानू’ म्हणजे गोड फळ समजून त्याला, अर्थात सूर्याला, गिळले. मानसातील ‘रामहि केवल प्रेमु पिआरा’ या चरणाचा अर्थ पुष्कळदा ‘रामच केवळ प्रिय’ असा लावला जातो, कारण मराठी कान ‘रामहि’ मध्ये ‘रामही’ ऐकतो. प्रत्यक्षात तो ‘रामाला केवळ प्रेमच प्रिय आहे’ असा आहे. मात्र ‘ला’ हा शब्द जसाच्या तसा बसवण्याचा हट्ट धरू नये. ‘तुम उपकार सुग्रीवहिं कीन्हा’ या चरणात मराठीच्या वळणाप्रमाणे ‘सुग्रीवावर उपकार केला’ असेच म्हणावे लागेल.

क्रियापदाला चिकटलेला ‘हि’ हा वर्तमानकाळातील तृतीय पुरुषाचा प्रत्यय आहे. ‘छूटहि बंदि महा सुख होई’ म्हणजे बंधन सुटते आणि मोठे सुख होते. हीच क्रिया ‘छूटइ’ किंवा ‘छूटै’ अशीही लिहिलेली आढळते. तिन्ही रूपांच्या मात्रा चारच भरतात, म्हणून छंदाला कोणतेही चालते. क्रियापदाच्या ‘हि’ वर अनुस्वार आला की कर्ता अनेकवचनी समजावा. ‘सुर नर मुनि सब कै यह रीती। स्वारथ लागि करहिं सब प्रीती॥’ या चौपाईत ‘करहिं’ म्हणजे करतात. (याच ओळीतील ‘लागि’ मराठीला परका नाही. ‘तुजलागी’ म्हणताना आपण तोच शब्द वापरतो.) नामावरील अनुस्वाराला असा अर्थ नसतो, कारण ‘सियहिं’ मधील सीता एकच आहे.

क्रियापदात ‘हि’ च्या आधी ‘इ’ आली की भविष्यकाळ होतो. ‘होइहि’ म्हणजे होईल.

शेवटचा वापर जोर देण्याचा, म्हणजे मराठीतील ‘च’ चा आहे. तो बहुधा शब्दात विरघळलेला असतो. ‘सो’ म्हणजे तो आणि ‘सोइ’ म्हणजे तोच. ‘आपन तेज सम्हारो आपै’ मधील ‘आपै’ म्हणजे स्वतःच.

‘को’ चा अर्थ कधी ‘कोण’ आणि कधी ‘चा’ कसा काय होतो?

ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘को नहिं जानत है जग में कपि, संकटमोचन नाम तिहारो’ या ओळीत ‘को’ म्हणजे कोण: हे कपी, तुझे संकटमोचन हे नाव जगात कोणाला ठाऊक नाही? चालीसेतील ‘तुम रच्छक काहू को डर ना’ या चरणात मात्र ‘काहू’ म्हणजे कोणी आणि ‘को’ म्हणजे चे: तू रक्षक असता कोणाचेच भय नाही. साधी खूण अशी की ‘को’ च्या लगेच आधी एखादे नाम किंवा सर्वनाम असेल आणि त्याला ते चिकटवून वाचता येत असेल, तर ती विभक्ती होय. चरणाच्या आरंभी एकटेच उभे असेल, तर ते प्रश्नार्थक सर्वनाम होय. त्याच चरणातील ‘डर ना’ हीसुद्धा आज्ञा नाही. ‘घाबरू नकोस’ असा अर्थ छापलेला माझ्या पाहण्यात आला आहे, पण येथे ‘डर’ हे नाम आहे आणि ‘ना’ म्हणजे नाही.

‘बरनउँ’, ‘देहु’ आणि ‘द्रवउ’ यांच्या शेवटी उकारच आहे. मग कर्ता कोण हे कसे ओळखावे?

तीन उकारांचे तीन कर्ते आहेत. चालीसेच्या आरंभीचे दोन दोहे पाहावेत.

श्रीगुरु चरन सरोज रज, निज मनु मुकुरु सुधारि।
बरनउँ रघुबर बिमल जसु, जो दायकु फल चारि॥

बुद्धिहीन तनु जानिके, सुमिरौं पवन-कुमार।
बल बुधि बिद्या देहु मोहिं, हरहु कलेस बिकार॥

अनुनासिक ‘उँ’ किंवा ‘औं’ हा ‘मी’ चा प्रत्यय आहे. ‘बरनउँ’ म्हणजे मी वर्णन करतो आणि ‘सुमिरौं’ म्हणजे मी स्मरण करतो. ‘मी’ हे सर्वनाम लिहिण्याची गरजच पडत नाही. मनाच्या श्लोकांतील ‘नमूं शारदा’ हे रूप कानाला याच्या जवळचे वाटते, फक्त मराठीत हा ‘ऊं’ मुळात ‘आम्ही’ चा आहे, तर तुलसीदासांचा ‘उँ’ एकट्याचा.

‘हु’ हा समोरच्याला उद्देशून आज्ञेचा किंवा विनंतीचा प्रत्यय आहे. ‘देहु’ म्हणजे द्या आणि ‘हरहु’ म्हणजे दूर करा. तेव्हा दुसऱ्या दोह्याचा सरळ अर्थ असा लागतो: स्वतःला बुद्धिहीन जाणून मी पवनकुमाराचे स्मरण करतो, मला बळ, बुद्धी व विद्या द्या आणि माझे क्लेश व विकार हरण करा.

अनुनासिक नसलेला आणि ‘ह’ ही नसलेला ‘उ’ हा त्रयस्थाविषयीच्या इच्छेचा आहे. ‘मंगल भवन अमंगल हारी। द्रवउ सो दसरथ अजिर बिहारी॥’ या चौपाईत ‘सो’ म्हणजे तो आणि ‘द्रवउ’ म्हणजे द्रवो: दशरथाच्या अंगणात खेळणारा तो माझ्यासाठी द्रवो. मराठी वाचकाला याचे नवल वाटायला नको, कारण पसायदानातील ‘दुरितांचे तिमिर जावो’ मधील ‘जावो’ हेच रूप आहे. गायनात पुष्कळदा ‘द्रबहु’ असे ऐकू येते. तेव्हा कर्ता बदलतो आणि ‘तो द्रवो’ च्या जागी ‘तुम्ही द्रवा’ असे होते. भक्ताला त्याने फारसा फरक पडत नसेल, पण मग ‘सो’ हा शब्द अधांतरी राहतो आणि तो झाकण्यासाठी ‘सु’ होऊन दशरथाला चिकटतो. ‘अजिर’ चा ‘अचर’ झाला, की अंगणही नाहीसे होते.

पहिल्या दोह्यातील ‘मनु’, ‘मुकुरु’, ‘जसु’, ‘दायकु’ यांचे उकार मात्र क्रियापदाचे नव्हेत. ते अपभ्रंश भाषेतून आलेले नामाचे व विशेषणाचे अंत्य उकार आहेत. ज्ञानेश्वरीच्या आरंभी ‘गणेशु’ आणि ‘निवृत्तिदासु’ म्हणतो तो हाच उकार, त्यामुळे त्यांचा अर्थ नुसता मन, आरसा, यश आणि देणारे एवढाच घ्यावा.

‘भूत पिसाच निकट नहिं आवै’ : येत नाही, येणार नाही, की येऊ नये?

मुळात ‘येत नाही’. ‘आवै’, ‘हरै’, ‘पढ़ै’, ‘सुमिरै’ ही रूपे जुन्या वर्तमानकाळाची आहेत आणि ती एका वेळची घटना न सांगता नेहमी घडणारी गोष्ट सांगतात. ‘तुका म्हणे’ मध्ये जे ‘म्हणे’ आहे, त्याच घडणीची ही रूपे आहेत. तुका म्हणतो, असाच आपण त्याचा अर्थ घेतो. तो ‘म्हणत असे’ असा घेत नाही. पुढे मराठीत या रूपाचा रीतिभूतकाळ झाला (‘तो पहाटे उठे आणि नदीवर जाई’) आणि म्हणूनच आजच्या वाचकाला ‘नासै रोग हरै सब पीरा’ हे भूतकाळातले वर्णन वाटण्याचा धोका असतो. वाक्यात ‘जो’ किंवा ‘जब’ असेल, तर मराठीत भविष्यकाळ किंवा विध्यर्थ वापरला तरी चालतो. ‘जो यह पढ़ै हनुमान चालीसा’ म्हणजे जो ही चालीसा वाचील.

‘सब सुख लहै तुम्हारी सरना’ मधील ‘लहै’ कोशात शोधण्याची गरज नाही. ‘जो जें वांछील तो तें लाहो’ हे ज्याला पाठ आहे त्याला ते ठाऊक आहेच. तेथे मिळवो, येथे मिळवतो.

माझ्या पुस्तकात ‘सुधारी’, ‘धरी’, ‘मेली’ असे दीर्घ छापले आहे. ते बरोबर आहे का?

नाही. हा दोष खास मराठी छपाईतला आहे आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. मराठी शुद्धलेखनात तत्सम नसलेल्या शब्दांचा अंत्य इकार व उकार दीर्घ लिहितात. मुद्रितशोधकाच्या हाताला ते वळण पडलेले असते, आणि तो ‘सुधारि’ पाहिला की प्रामाणिकपणे ‘सुधारी’ करतो.

अवधीत मात्र हा ऱ्हस्व इकार म्हणजे मराठीतील ‘ऊन’ आहे. ‘सुधारि’ म्हणजे नीट करून, ‘धरि’ म्हणजे धरून, ‘हरषि’ म्हणजे हर्षून आणि ‘लाँघि’ म्हणजे ओलांडून. कधी त्याला ‘के’ जोडतात, जसे ‘जानिके’ म्हणजे जाणून. इकार दीर्घ केला की ‘धरी’ चा अर्थ मराठी वाचक ‘धरतो’ असा घेतो आणि वाक्याचे दोन तुकडे होतात. ‘प्रभु मुद्रिका मेलि मुख माहीं’ या चरणाचे तर फारच हाल होतात. ‘मेलि’ म्हणजे घालून किंवा ठेवून, ‘माहीं’ म्हणजे मध्ये (आपल्या ‘माजघर’ मधला ‘माज’), आणि पूर्ण अर्थ प्रभूंची अंगठी तोंडात ठेवून. ‘मेली’ छापल्यावर आमच्या पाठाला येणाऱ्या एका आजींनी अगदी गंभीरपणे विचारले होते की येथे कोण मेली. हसू आले, पण चूक त्यांची नव्हती.

दुरुस्ती मात्रा मोजून करता येते. दोह्याच्या विषम चरणात 13 आणि सम चरणात 11 मात्रा असतात. चौपाईच्या प्रत्येक चरणात 16. ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाची दोन. जोडाक्षराआधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन धराव्यात. ‘निज मनु मुकुरु सुधारि’ च्या मात्रा 2, 2, 3 आणि 4 मिळून 11 भरतात. ‘सुधारी’ केल्यास 12 होतात. ‘प्रभु मुद्रिका मेलि मुख माहीं’ च्या 2, 5, 3, 2 आणि 4 मिळून 16. ‘मेली’ ने 17. चौपाईच्या अगदी शेवटी मात्र यमकासाठी स्वर दीर्घ झालेला असतो. ‘भानू’ आणि ‘जानू’ यांना त्यामुळे हात लावू नये. त्या ‘जानू’ चा अर्थ ‘जाणून’ असाच आहे.

‘माना’, ‘जाना’, ‘दिखावा’, ‘भए’ हे शब्द ओळखीचे वाटतात, पण अर्थ जुळत नाही. असे का?

कारण ही सगळी भूतकाळाची रूपे आहेत आणि त्यांच्या कर्त्याला ‘ने’ लागलेला नाही. ‘तुम्हरो मंत्र बिभीषन माना, लंकेस्वर भए सब जग जाना’ याचा अर्थ लावताना ‘ने’ आपण घालायचा: तुमचा सल्ला बिभीषणाने मानला, तो लंकेश्वर झाला, हे सर्व जगाने जाणले. ‘भए’ म्हणजे झाले, आदरार्थी अनेकवचन. त्यात भय नाही. ‘दिखावा’ म्हणजे दाखवले आणि ‘जरावा’ म्हणजे जाळली. देखाव्याशी किंवा दिखाऊपणाशी त्याचे नाते लावू नये. ‘कीन्हा’ आणि ‘दीन्हा’ म्हणजे केला आणि दिले.

‘लाय सजीवन लखन जियाये, श्री रघुबीर हरषि उर लाये’ येथे ‘लाय’ आणि ‘लाये’ वेगळे आहेत. पहिले ‘आणून’, दुसरे ‘लावले’. संजीवनी आणून लक्ष्मणाला जगवले, आणि रघुवीराने हर्षून छातीशी धरले.

‘कीजै’ हे रूप मराठीत होते का?

होते, आणि अजून एका शब्दात रोज वापरले जाते. ‘कीजै नाथ हृदय महँ डेरा’ म्हणजे नाथ, माझ्या हृदयात मुक्काम केला जावा, अर्थात करावा. मनाच्या श्लोकांतील ‘तरी श्रीहरी पाविजे तो स्वभावे’ मधील ‘पाविजे’ आणि ज्ञानेश्वरीत वारंवार येणारे ‘कीजे’ यांची घडण हीच आहे. ‘म्हणिजे’ चे ‘म्हणजे’ झाले तेही येथूनच. ‘डेरा’ मात्र येथे ताकाचा नाही.

ऐकण्यात हमखास चुकणारे आणखी शब्द कोणते?

तीन सांगण्यासारखे आहेत. ‘कृपा करहु गुरु देव की नाईं’ मधील ‘नाईं’ म्हणजे सारखी किंवा प्रमाणे. ‘नाही’ समजल्यास कृपा करू नका अशी प्रार्थना होते. ‘होत न आज्ञा बिनु पैसारे’ मधील ‘पैसारे’ म्हणजे प्रवेश. रामाच्या दारी तुमच्या आज्ञेवाचून प्रवेश होत नाही, पैशांचा तेथे प्रश्न नाही. ‘जो सत बार पाठ कर कोई’ मधील ‘सत’ म्हणजे शंभर, सात नव्हे. ‘सात’ म्हटल्यास मात्राही एकाने वाढते.

ब्रज आणि अवधी वेगळ्या कशा ओळखाव्यात?

ओकार शोधावा. ‘तिहारो’, ‘मेरो’, ‘लियो’, ‘खायो’ हे ब्रजचे वळण आहे. ‘तोर’, ‘मोर’, ‘लीन्ह’, ‘कीन्ह’ हे अवधीचे. चालीसेत ‘कीन्हा’ आणि ‘दीन्हा’ यांच्या शेजारीच ‘लील्यो’ आणि ‘तुम्हरो’ येतात, तेव्हा एखाद्या रूपावरून संपूर्ण रचनेवर शिक्का मारू नये.

एखादी चौपाई पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी सोडवावी?

‘होइहि सोइ जो राम रचि राखा। को करि तर्क बढ़ावै साखा॥’ ही मानसाच्या बालकांडातील चौपाई घेऊ. सती रामाची परीक्षा पाहायला निघून गेली आहे आणि शिव मनाशी हे म्हणत आहेत.

प्रथम क्रियापदे वेगळी काढावीत. ‘होइहि’ हे ‘इहि’ मुळे भविष्यकाळी, म्हणजे होईल. ‘रचि’ म्हणजे रचून आणि ‘राखा’ म्हणजे ठेवले. ‘राखा’ भूतकाळी असल्याने ‘राम’ ला आपण ‘ने’ जोडायचा. ‘करि’ म्हणजे करून. ‘बढ़ावै’ हे ‘तुका म्हणे’ च्या घडणीचे रूप, म्हणजे वाढवतो. मग सर्वनामे: ‘सोइ’ म्हणजे तेच, ‘जो’ म्हणजे जे, आणि चरणाच्या आरंभी एकटा असलेला ‘को’ म्हणजे कोण. अर्थ असा झाला: रामाने जे रचून ठेवले आहे तेच होईल, तर्क करून फांद्या कोण वाढवत बसतो?

आता मात्रा मोजल्या, तर दुसऱ्या चरणात बरोबर 16 भरतात आणि पहिल्यात 18. चौपाई चुकीची नाही. अवधीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात, देवनागरीत त्यांना वेगळी खूण नाही एवढेच. ‘सोइ’ आणि ‘जो’ मधले ओकार आखूड म्हटले की 16 होतात. म्हणून मात्रा वाढल्या की आधी ए आणि ओ तपासावेत, अंत्य इकार नंतर, आणि त्यानंतरच पुस्तकाला दोष द्यावा.

मराठी अर्थ लिहिताना ‘तू’ वापरावे की ‘तुम्ही’?

मूळ रचनेत मारुतीला ‘तुम’ आहे. मराठी भक्त देवाला ‘तू’ म्हणतो, आणि तेथे ‘तुम्ही’ घातले की प्रार्थना अर्जासारखी वाटू लागते. शब्दशः अर्थ देताना ‘देहु’ पुढे ‘द्या’ लिहावे, कारण तेथे प्रत्यय समजावून सांगायचा असतो. प्रवाही अर्थ लिहिताना मी ‘दे’ लिहितो. रामाविषयी ‘तिन के काज सकल तुम साजा’ असे आदरार्थी ‘तिन’ येते, तेथे मात्र ‘त्यांची सर्व कामे तू पार पाडलीस’ असे लिहावे. ‘तिन’ म्हणजे तीन कामे नव्हेत.